हळदीचा पिवळा आणि मोबाइलवरची अक्षरे

तुम्ही मसाल्यांच्या ब्रँडसाठी निवडलेला हळदीचा पिवळा (#F2A900) योग्यच आहे. मात्र तो अक्षरांना देऊ नका. पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम 2:1 भरतो, तर नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी वेब सुलभतेच्या निकषांनुसार, म्हणजे WCAG च्या AA पातळीनुसार, तो किमान 4.5:1 हवा. म्हणून पिवळा पट्ट्यांना आणि बटणांना ठेवा, आणि अक्षरांसाठी गडद तपकिरी (#3B2314) घ्या, कारण तो पिवळ्यावर सातच्या वर आणि पांढऱ्यावर चौदाच्या वर जातो. तिसरा रंग फक्त चुकांच्या सूचनांसाठी असावा. त्याहून अधिक रंगांची या ब्रँडला गरज दिसत नाही.

फाँट म्हणून 'मुक्ता' घ्यावा, कारण त्यात देवनागरी आणि रोमन अक्षरे एकाच हाताची वाटतात आणि जाडीचे पर्यायही भरपूर मिळतात. मजकूर 17 पिक्सेल आणि line-height 1.6 ठेवा. इंग्रजी मजकुरासाठी पुरणारे 1.3 इथे घातले, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडतो. 'गुरूंची' खाली 'खर्चीक' असे शब्द मुद्दाम लिहून ते पाहता येते. शीर्षकांना letter-spacing देण्याचा मोह (इंग्रजी टेम्पलेटमध्ये तो हमखास असतो) टाळा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. शेवटची तपासणी संगणकावर न करता स्वस्तातल्या मोबाइलवर, भर उन्हात, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून करा.