मथळा मर्यादेत बसवताना छोटा शब्द कसा निवडावा?

प्रश्न: वर्तमानपत्रात मथळ्याला अक्षरांची काटेकोर मर्यादा असते. मग उपसंपादक मोठ्या शब्दाऐवजी छोटा प्रतिशब्द कसा निवडतात? तसे करताना अर्थ बिघडत नाही का?

उत्तर: मी मराठी दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून काम करतो, त्यामुळे छापील पानाच्या अनुभवावरून लिहितो. अर्थ बिघडू शकतो, आणि बहुतेक वेळा तो घाईत निवडलेल्या सर्वांत छोट्या शब्दामुळेच बिघडतो. मात्र छोटा म्हणजे नेमके काय, हे मराठीत आधी ठरवावे लागते, कारण संगणक मोजतो ती लांबी आणि पानावर व्यापली जाणारी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘मुख्यमंत्री’ हा शब्द पाहा. डोळ्यांना त्यात चारच अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये उकार, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातले हलन्त चिन्ह हे सगळे स्वतंत्र मोजले जात असल्याने संगणक त्याची ११ चिन्हे धरतो. ‘सरकार’ची मात्र ५ चिन्हे होतात. कागदावर हे दोन शब्द जवळपास सारखीच रुंदी घेतात. म्हणून संकेतस्थळाच्या चौकटीत चिन्हांची मर्यादा असेल तर जोडाक्षरे महाग पडतात आणि छापील कॉलमात काना महाग पडतो. आपल्याला यांपैकी कोणत्या मर्यादेत बसायचे आहे, हे ठरवल्याशिवाय प्रतिशब्द शोधायला बसू नये.

छापील पानासाठी मी एक ढोबळ हिशेब वापरतो. प्रत्येक अक्षराला एक माप द्यायचे. उकार, मात्रा, अनुस्वार आणि रफार वर-खाली बसतात, त्यांना काही द्यायचे नाही. काना किंवा वेलांटी असेल, म्हणजे अक्षराशेजारी उभी रेघ येत असेल, तर अर्धे माप वाढवायचे. ‘स्थ’ किंवा ‘न्या’मधल्याप्रमाणे दंड गमावून शेजारी उभे राहणारे अर्धे अक्षर असेल तर आणखी अर्धे. ‘ट्ट’, ‘द्द’, ‘त्र’ अशी एकावर एक बसणारी किंवा एकमेकांत मिसळलेली जोडाक्षरे एकाच मापात येतात. शब्दांमधली जागा अर्धी. ‘र’ अरुंद आणि ‘ख’, ‘झ’ रुंद असल्याने थोडाफार फरक पडतो, तो शेवटी पानावर पाहून घ्यायचा.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा, बातमी अशी आहे की एका महानगरपालिकेने मालमत्ता कर वाढवला, नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने पुढील सुनावणीपर्यंत त्या वाढीला स्थगिती दिली. मनात येणारा पहिला मथळा असतो: ‘मालमत्ता करवाढीच्या निर्णयाला उच्च न्यायालयाची तात्पुरती स्थगिती’. वरच्या हिशेबाने तो ४१ मापांचा होतो. जागा आहे दुकॉलमी, दोन ओळींची, प्रत्येक ओळीत १२ मापे. म्हणजे जवळजवळ निम्मा मजकूर जायला हवा.

प्रतिशब्दाकडे वळण्याआधी जो शब्द काहीच सांगत नाही तो काढावा. स्थगिती मुळातच तात्पुरती असते, म्हणून ‘तात्पुरती’ जाऊ शकते. ‘निर्णयाला’ही जाऊ शकते, कारण करवाढ हाच निर्णय आहे. एवढ्याने १२ मापे वाचतात आणि अर्थाला धक्का लागत नाही. त्यानंतर नामे पाहावीत. ‘मालमत्ता कर’ ८ मापे घेतो आणि ‘घरपट्टी’ साडेचार. लोकांच्या तोंडीही घरपट्टीच आहे. इथे मात्र एक विचार करावा लागतो. वाढ फक्त व्यापारी गाळ्यांवर किंवा मोकळ्या भूखंडांवर असेल, तर ‘घरपट्टी’ वाचून घरमालकाचा गैरसमज होईल, म्हणून अशा बातमीत हा शब्द कितीही सोयीचा असला तरी चालणार नाही. आपल्या उदाहरणात वाढ सर्वांवर आहे, तेव्हा चालेल. ‘उच्च न्यायालयाची’ साडेदहा मापे आणि ‘हायकोर्टाची’ ७. मराठी वाचकाला हायकोर्ट परके नाही आणि त्यात काही गमावतही नाही. आता मथळा असा झाला:

वाढीव घरपट्टीला
हायकोर्टाची स्थगिती

पहिली ओळ साडेदहा मापांची आणि दुसरी बरोबर १२ मापांची. मथळा बसला.

पण पान लावताना शेजारची जाहिरात थोडी रुंद निघाली आणि ओळीला ११ मापेच उरली, असे होतेच. आता दुसरी ओळ एका मापाने बाहेर जाते. इथे ‘रद्द’ हा शब्द खुणावतो. ‘स्थगिती’ साडेचार मापांची, ‘रद्द’ फक्त दोनची. ‘वाढीव घरपट्टी हायकोर्टात रद्द’ हा मथळा अगदी ऐसपैस बसतो, टाइपही मोठा करता येतो, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. स्थगितीत निर्णय जिवंत राहतो, केवळ त्याची अंमलबजावणी थांबते. पुढच्या सुनावणीत स्थगिती उठली तर वाढीव कर भरावा लागणार असतो. ‘रद्द’ वाचून ज्याने विषय डोक्यातून काढला, त्याच्या थकबाकीवर उद्या महिन्याला २ टक्के शास्ती लागू शकते. हे नुकसान छापून आलेल्या दोन अक्षरांमुळे झालेले असते आणि दुसऱ्या दिवशीच्या कोपऱ्यातल्या खुलाशाने ते भरून निघत नाही.

दुसरा मोह म्हणजे ‘हायकोर्टाची’चे ‘कोर्टाची’ करणे. त्यात खोटे काही नाही, पण जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय यांच्या आदेशाचे वजन वाचकाच्या लेखी वेगळे असते, म्हणून उपमथळ्यात हायकोर्ट येणार असेल तरच मी हे करतो. त्यापेक्षा चांगला मार्ग क्रियापद बदलण्याचा आहे:

वाढीव घरपट्टी
हायकोर्टाने रोखली

पहिली ओळ ९ मापे, दुसरी ११. ‘रोखली’मध्ये थांबवण्याचा अर्थ आहे, संपवण्याचा नाही, त्यामुळे स्थगितीशी तो प्रामाणिक राहतो. शिवाय वाक्यात कर्ता आणि क्रिया आल्याने मथळा आधीपेक्षा जिवंत झाला. लिंगाकडे लक्ष ठेवावे लागते, कारण घरपट्टी ‘रोखली’, कर ‘रोखला’. नाम बदलल्यावर क्रियापद जुनेच राहून गेलेला मथळा रात्री उशिराच्या पानांवर बरेचदा दिसतो.

या उदाहरणात दिसलेली आणखी एक गोष्ट इंग्रजी मथळ्यांच्या नियमांत सापडणार नाही. मराठीत शब्द लांबतो तो बहुतेकदा विभक्तीमुळे. ‘शेतकरी’ साडेचार मापांचा आहे, पण ‘शेतकऱ्यांना’ झाला की साडेसहा. म्हणून नामाला प्रतिशब्द शोधण्यापेक्षा ते नाम प्रत्ययाशिवाय उभे राहील अशी वाक्यरचना शोधणे अधिक फायद्याचे ठरते. ‘शेतकऱ्यांना भरपाईची प्रतीक्षा’ साडेसतरा मापे घेते, तर ‘शेतकरी भरपाईविना’ साडेबारा. ‘शेतकरी’ला ‘बळीराजा’ करून काही वाचत नाही, उलट प्रत्येक बातमीत तोच शब्द वाचून त्यातला आदर झिजतो, म्हणून तो मी टाळतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती ज्या शब्दांना कायद्याने किंवा सरकारी आदेशाने ठरावीक अर्थ आहे त्यांच्याबाबतीत. पोलिसांनी चौकशीसाठी कोणाला ‘ताब्यात’ घेतले असेल तर तिथे ‘अटक’ हा शब्द छोटा आणि ठसठशीत असूनही वापरता येत नाही, कारण अटक ही नोंद होणारी वेगळी कारवाई आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि नंतर इतर भागांतील अनेक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. ‘दुष्काळसदृश’ला ७ मापे लागतात, ‘दुष्काळ’ला ४, आणि एका कॉलमाच्या मथळ्यात तीन मापे फार असतात. तरीही दुसऱ्या निर्णयाच्या बातमीवर नुसते ‘दुष्काळ’ लिहिणे चूक ठरले असते, आणि ‘टंचाई’ हाही प्रशासनात वेगळ्या अर्थाने वापरला जाणारा शब्द आहे. अशा वेळी अडलेल्या शब्दाचा पाठलाग सोडून बातमीतली दुसरी खरी गोष्ट मथळ्यात घ्यावी. त्या मंडळांना सवलती लागू झाल्या होत्या, तेव्हा ‘आणखी मंडळांना सवलती’ असे लिहिता येते आणि परिस्थितीचे अधिकृत नाव इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात, पूर्ण देता येते.

संक्षेपांचे गणित आवृत्तीनुसार बदलते. मुंबईच्या पानावर ‘पालिका’ म्हटले की एकच संस्था समोर येते. कोल्हापूरच्या पानावर तसे नाही, कारण जिल्ह्यात नगरपालिका आहेत, कोल्हापूरची महापालिका आहे आणि इचलकरंजीलाही २०२२ मध्ये महानगरपालिका मिळाली. तिथे गावाचे नाव आल्याशिवाय ‘पालिका’ किंवा ‘मनपा’ यांना अर्थ नाही. ‘झेडपी’ ग्रामीण वाचकाला चटकन कळते, शहरी पुरवणीत मात्र ‘जिल्हा परिषद’साठी जागा काढावी.

एवढे करूनही एखादी ओळ अर्ध्या मापाने बाहेर राहतेच. तेव्हा मी पान लावणाऱ्या सहकाऱ्याला टाइप ३६ पॉइंटांवरून ३४ करायला सांगतो किंवा अक्षरांची रुंदी ९५ टक्क्यांपर्यंत दाबू देतो. त्याखाली दाबले की काना बारीक होतो आणि शेजारच्या मथळ्यांशी विसंगत दिसतो. तिथेही बसत नसेल तर ती ओळ पुसून, बातमी समोर न ठेवता, ती एखाद्या सहकाऱ्याला एका वाक्यात तोंडी सांगून पाहतो. बोलताना निघालेले वाक्य बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा तोकडे असते, आणि आपल्या उदाहरणातले ‘रोखली’ हे अशाच वाक्यातले क्रियापद आहे.