बजेट फिक्स आहे म्हणाले, आता पुढे काय बोलू?

प्रश्न: ऐरोलीच्या एका कंपनीकडून ऑफर आलीये, सीटीसी साडेअकरा लाख. आत्ता नऊ लाख वीस हजार आहे, बोनस वेगळा, एप्रिलमध्ये साधारण ६० हजार मिळतो. मी साडेबारा मागितले तर एचआर म्हणाली बजेट फिक्स आहे, यात काहीच होणार नाही. नोटीस ९० दिवसांची आहे, त्यांना मी ४५ दिवसांत हवाय. राहतो कासारवडवलीला. गपचूप घेऊ की अजून ताणू? ब्रेकअप खाली टाकलाय.

उत्तर: हे बघ, मी बरीच वर्षं रिक्रूटमेंटमध्येच आहे, महापे-ऐरोली पट्ट्यातच, त्यामुळे तुझ्याशी जी बोलली त्या मुलीच्या खुर्चीत मीही बसलेय असं समज. "बजेट फिक्स आहे" हे वाक्य दर वेळी खोटं नसतं, पण ते सगळ्या पैशांबद्दल नसतं. त्या पोझिशनला वर्षाचा जो आकडा मंजूर झालाय तो फिक्स. त्याच्यावर जायचं तर हायरिंग मॅनेजर, त्याचा वरचा, फायनान्स अशी फाईल फिरवायला लागते, वर टीममधल्या जुन्या लोकांपेक्षा नवा माणूस जास्त घेतोय असं कळलं की बोंबाबोंब होते, म्हणून एचआर तिथे हात लावत नाही. पण तो आकडा आतून कसा मांडायचा आणि तुला आणायला एकदाच होणारा खर्च किती, हे दोन्ही वेगळ्या खिशातून येतं आणि तिथे बऱ्याचदा जागा असते.

ताणायच्या आधी तुझा ब्रेकअप नीट बघ, कारण मला त्यात जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही असं वाटतंय. बेसिक ५ लाख ७५ हजार, म्हणजे सीटीसीच्या निम्मं. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ ६९ हजार, ग्रॅच्युइटी साधारण २७,६६०, इन्शुरन्स १२ हजार, व्हेरिएबल १ लाख १५ हजार. हे सगळं साडेअकरातून वजा केलं की फिक्स ग्रॉस उरतो ९ लाख २६ हजार ३४०, महिन्याला ७७,१९५. त्यातून तुझा पीएफ ५,७५० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेले (फेब्रुवारीत ३००), हातात ७१,२४५. आता जुन्या कंपनीत बघ. तिथे पीएफ १,८०० वर कॅप आहे आणि व्हेरिएबल नाही, त्यामुळे नऊ वीसवर ग्रॉस ७३,३९० च्या आसपास आणि हातात सुमारे ७१,३९०. म्हणजे कागदावर २५ टक्के हाईक आणि अकाउंटला येणारा पगार दीडशे रुपयांनी कमी! पैसे कुठे गायब झालेत असं नाही, पीएफ तुझाच आहे, व्हेरिएबल मिळालं तर मिळेल, पण घोडबंदर रोडच्या घराचा हप्ता काही व्हेरिएबलवर भरता येत नाही ना.

म्हणून पहिला प्रश्न साडेबाराचा नाहीच. पहिला प्रश्न हा, की "पीएफ १५ हजार बेसिकवर लिमिट करायचा ऑप्शन आहे का?" कायद्याने सक्ती तेवढ्याच पगारावर आहे, म्हणून १२ टक्क्यांनी १,८०० येतात. त्याच्या वर कापणं ही कंपनीची पॉलिसी असते आणि बऱ्याच ठिकाणी जॉइन होताना फॉर्मवर टिक करायला देतात. तुझा आधीपासूनच कॅपवर आहे त्यामुळे तू हे सरळ म्हणू शकतोस. झालं तर कंपनीच्या पीएफमधले ४७,४०० स्पेशल अलाउन्समध्ये जातात आणि तुझ्या कपातीतले तेवढेच वाचतात, म्हणजे महिन्याला ७,९०० जास्त, हातात ७९,१४५. साडेअकराचा आकडा एक रुपयाही हलत नाही, त्यामुळे एचआरला कुणाची परवानगी काढायला लागत नाही, फक्त पॉलिसीत बसतंय का एवढंच बघायचं. टॅक्सचं म्हणशील तर दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या रेजिममध्ये १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत शून्यच आहे, तू खाली आहेस. मात्र पीएफवर ८ टक्क्यांच्या वर व्याज मिळतं आणि पैसा हाताला लागत नाही हा त्याचा फायदाच आहे, घरात हप्ता नसेल तर मी पूर्ण पीएफच घेतला असता. आणि ते "नाही, सगळ्यांना फुल बेसिकवरच" म्हणाले तर तिथे वाद घालू नकोस, तो दगड हलत नाही.

व्हेरिएबल कमी करून फिक्समध्ये टाका असंही लोक सुचवतात. मागून बघ, पण ते ग्रेडनुसार ठरलेलं असतं, क्वचितच होतं. त्यापेक्षा विचार की मागच्या वर्षी या ग्रेडला प्रत्यक्षात किती टक्के पेआउट झाला आणि मला पहिल्या वर्षी प्रो-रेटा मिळणार का. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर १ लाख १५ हजार हिशोबातून डोक्यातल्या डोक्यात काढून टाक आणि मग ऑफर कशी दिसते ते बघ.

आता खरा जोर कुठे आहे ते सांगते. त्यांना तू ४५ दिवसांत हवाय. ९० दिवस थांबले तर तू महाग पडत नाहीस, प्रोजेक्ट महाग पडतो, म्हणून ही घाई त्यांची आहे, तुझी नाही, आणि घाईचे पैसे हायरिंगच्या खर्चातून येतात, पगाराच्या बजेटमधून नाही. उरलेले ४५ दिवस जुन्या कंपनीला भरावे लागतील, पण किती, ते तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघ. नोटीस पे बेसिकवर असेल तर तुझ्या ३०,६६७ बेसिकने ४६ हजार होतात, ग्रॉसवर असेल तर १ लाख १० हजार. दोघांत केवढा फरक आहे बघ, आणि बरेच जण हे न वाचताच "बायआउट करा" म्हणून मोकळे होतात, मग एचआर ४० हजारांची लिमिट सांगते आणि बाकीचे खिशातून जातात. काही कंपन्या बायआउट मान्यच करत नाहीत, पूर्ण ९० दिवस बसवतात, तेही आधी स्वतःच्या मॅनेजरकडून अंदाज घेऊन ठेव, राजीनाम्याचा विषय न काढता.

दुसरा खरा मुद्दा एप्रिलचा बोनस. तू आत्ता गेलास तर ६० हजार बुडतात, आणि जे बुडतं त्याच्या बदल्यात जॉइनिंग बोनस मागणं हे एचआरला पटतं, कारण तिला वर मेल लिहायला कारण मिळतं. "मला अजून हवेत" हे कारण ती पुढे लिहू शकत नाही. "कँडिडेटचा एप्रिलचा बोनस जातोय, त्याऐवजी एकदाच ६० हजार" हे लिहू शकते. जुन्या कंपनीचं बोनस लेटर किंवा मागच्या एप्रिलची पेस्लिप तयार ठेव, मागतील. आणि खोटी दुसरी ऑफर असल्याचं सांगायच्या फंदात पडू नकोस, कॉपी मागतात आणि मग सगळंच बोंबलतं.

मेलवर भांडण्यापेक्षा फोन कर, सकाळी अकरानंतर, आणि साधारण असं बोल:

"मॅडम, साडेअकरा फिक्स आहे हे समजलं, त्यावर मी परत येत नाही. मला जॉइन करायचंच आहे. दोन गोष्टी झाल्या तर मी आजच कन्फर्म करतो. पीएफ १,८०० वर ठेवता येईल का, आणि माझा एप्रिलचा ६० हजार बोनस जातोय तो जॉइनिंग बोनसमध्ये बसवता येईल का. ४५ दिवसांत यायचं तर नोटीसचे पैसे कंपनी किती देते तेही सांगा, म्हणजे मी तशी तारीख देतो."

एवढं बोलून गप्प बस. ही शांतता जड जाते, लोक घाबरून स्वतःच "नाहीतर ३० हजार पण चालतील" म्हणतात. तिला बोलू दे. ती लगेच "नाही" म्हणाली तर ते तिचं उत्तर आहे, कंपनीचं नाही, तेव्हा म्हण की "मॅनेजर सरांना एकदा विचारून सांगाल का, मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो". "बघते" म्हणून दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन आली तर वर बोलणं झालंय, तेव्हा जे मिळालं त्यावर अजून एकदा घासाघीस करू नकोस. आणि मधे कन्सल्टन्सी असेल तर हे त्यांच्यामार्फत करू नकोस, त्यांची फी तू जॉइन झाल्यावर निघते, त्यामुळे "घेऊन टाक ना, काय एवढं" हाच सल्ला येतो.

एचआर बहुतेक तिसरा पर्याय पुढे करेल, "सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू". हे तोंडी असेल तर त्याची किंमत शून्य, कारण सहा महिन्यांनी ती स्वतःच तिथे असेल की नाही सांगता येत नाही. ऑफर लेटरमध्ये तारखेसकट ओळ आली तरच धर. त्यापेक्षा कामाचं म्हणजे येत्या अप्रेझलला तू धरला जाणार का. अनेक ठिकाणी ठराविक तारखेनंतर जॉइन झालेल्यांना थेट पुढच्या वर्षीच बघतात, म्हणजे हा साडेअकराचा आकडा दीड वर्ष तसाच राहू शकतो. हे विचारायला पैसे पडत नाहीत.

घरून कामाचंही विचार. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठून मग ट्रान्सहार्बर, हे आठवड्यात पाच दिवस की तीन दिवस यात फार फरक आहे, आणि यात एचआरचं बजेट नाही, मॅनेजरचा होकार लागतो, तेव्हा हे त्याच्याशीच बोल.

जमलं तर सगळं सुधारित ऑफर लेटरमध्ये घे, मेल चालतो पण लेटर बरं. जॉइनिंग बोनसखालचा वसुलीचा क्लॉज नीट वाच: वर्षाच्या आत सोडलास तर पूर्ण परत की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीने काढलं तरी परत मागणार का. बायआउटचे पैसेही बऱ्याचदा याच क्लॉजमध्ये टाकतात. आणि हे लेटर सहीसकट हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा टाकू नकोस, कितीही "डॉक्युमेंट्स प्रोसेसमध्ये आहेत, तुम्ही रिझाइन करा" म्हणाले तरी.