पिल्लाच्या फूडचा तक्ता, आणि माझी एका ओळीची चूक

प्रश्न: निपाणीत छोटं पेट शॉप आहे, आता ऑनलाईन लिस्टिंग टाकायला लागलोय. डॉग फूड, पट्टे वगैरेंना लाईफ स्टेज, ब्रीड साइज, इन्ग्रेडियंट्स, किती खायला घालायचं हे सगळं लिहायलाच पाहिजे का? नाव, फोटो, रेट एवढ्यावर चालत नाही का?

चालतंय की, मी पण बेळगावात शहापूरच्या दुकानातनं वर्षभर तसंच चालवलं. माल खपतो, पण नंतर फोन येतात. त्यातला एक फोन सांगतो म्हणजे तुमच्या लक्षात येईल काय लिहायचं ते.

खानापूरकडचे एक काका, घरात लॅबचं पिल्लू, तीन महिन्यांचं, वजन 10 किलो. माझ्या लिस्टिंगवरनं पपी फूडचं पोतं मागवलं आणि तीन आठवड्यांनी फोन, म्हणाले, "अहो पिल्लू वाळत चाललंय, बरगड्या दिसायला लागल्यात, जंताचं औषध पण देऊन झालं, तुमचं फूड डुप्लिकेट आहे काय?" मी पोत्याचा बॅच नंबर बघितला, सगळं बरोबर. मग विचारलं दिवसाला किती घालताय, तर म्हणाले तुम्ही लिहिलंय तसंच, 175 ग्रॅम.

चूक माझीच होती. पपी फूडच्या पोत्यामागं जो तक्ता असतो त्यात आडवं वय आणि उभं वजन असतं, पण ते वजन पिल्लाचं आजचं नसतं, ते *मोठं झाल्यावर किती होणार* ते असतं. मी तक्ता उतरवून काढताना घाईत वर नुसतं "वजन" लिहिलं. काकांनी आपलं पिल्लू 10 किलोचं म्हणून 10 किलोची ओळ धरली, तिथं तीन महिन्यांना 175 ग्रॅम. लॅब मोठा होऊन 30 किलोचा होणार, म्हणजे त्यांनी 30 ची ओळ बघायला पाहिजे होती, तिथं 320 ग्रॅम होतं. बिचारं पिल्लू निम्म्या जेवणावर होतं. माप वाढवल्यावर लागलीच भरायला लागलं.

तेव्हापासनं तक्त्यावरचं एक वाक्य मी न चुकता लिहितो: "वजन म्हणजे कुत्रं पूर्ण मोठं झाल्यावरचं". ॲडल्ट फूडच्या पोत्यावर मात्र साधारण आजचंच वजन असतं, म्हणून दोन्हीचा एकच साचा करून कॉपी-पेस्ट करू नका. आणि "दिवसभराचं एकूण" हे पण लिहा, नाहीतर लोक 320 ग्रॅम सकाळी आणि 320 रात्री घालतात. वाटीत माप देऊ नका, प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी आणि दाणा बारीक-मोठा असला की वाटीतलं वजन बदलतं. ग्रॅम लिहा, शंभर ग्रॅमची एक वाटी घरीच काट्यावर मोजून ठेवा म्हणावं.

तक्ता बरोबर उतरलाय का हे मी आता कॅल्क्युलेटरवर ताडून बघतो. वजन तीनदा गुणायचं, 10 × 10 × 10 = 1000, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं, 5.62 येतं, त्याला 70 नी गुणलं की 394. ही नुसतं पडून राहायला लागणारी कॅलरी. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला त्याच्या तिप्पट, म्हणजे 1180 च्या आसपास, नंतर दुप्पट धरतात, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला 1.6 पट. पोत्यावर किलोला 3700 कॅलरी असतील तर 1180 ला साधारण 320 ग्रॅम. इथं मात्र आजचंच वजन धरायचं बरं का. हा आकडा सुरुवातीचा, पुढं कुत्र्याकडं बघून कमी-जास्त करायचं: हात फिरवला की बरगडी लागली पाहिजे पण लांबनं दिसता कामा नये. आमच्याकडं निम्मी घरं वरनं भाकरी-दूध घालतातच, तेवढं फूड कमी करा हे पण लिस्टिंगमधे टाका.

ब्रीड साइज का लिहायची, तर दाण्याच्या आकारासाठी नव्हे. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, येईल तेवढं अंगात जातं आणि हाडं-सांधे वाकडे होतात. म्हणून अमेरिकेत पेट फूडचे निकष ठरवणाऱ्या आफ्को या संस्थेच्या नियमात मोठेपणी 70 पौंडांच्या, म्हणजे साधारण 32 किलोच्या वर जाणाऱ्या पिल्लांच्या फूडला कॅल्शियमची वरची मर्यादा कमी आहे, कोरड्या वजनाच्या 1.8 टक्के, बाकीच्यांना 2.5. इंपोर्टेड पोत्यावर "ऑल लाईफ स्टेजेस" असेल तर पुढं मोठ्या जातीच्या वाढीसाठी चालतं की नाही तेही बारीक अक्षरात असतं, ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. आणि लार्ज ब्रीड पपी फूडच्या खाली "यासोबत हे पण घ्या" म्हणून कॅल्शियम सिरपची बाटली लावू नका. मी लावत होतो, खप चांगला होता, डॉक्टरांनी झापल्यावर काढली.

इन्ग्रेडियंट्स मागच्या बाजूनं पूर्ण उतरवा, निवडून नको. पुढं मोठ्या अक्षरात "लॅम्ब" असतं आणि मागं यादीत चिकन मील, चिकन फॅट निघतं. चिकननं खाज सुटणाऱ्या कुत्र्याचा मालक तुमच्यावर विश्वास ठेवून घेतो आणि आठ दिवसांनी कुत्रं परत खाजवत बसतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पण ताज्या चिकनमधे बरंचसं पाणीच असतं, त्यामुळं पहिलं नाव चिकन दिसलं म्हणून "भरपूर चिकन" असं आपल्या पदरचं लिहू नका. तुमच्या निपाणीकडं जैन, लिंगायत घरं भरपूर, तिथं व्हेज फूड विचारणारच. कुत्र्याचं नीट बनवलेलं, कंप्लीट लिहिलेलं असेल तर चालतं. पण ते मांजराला चालत नाही, मांजराला टॉरीन खाण्यातनंच लागतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. व्हेज डॉग फूडच्या खाली "मांजरासाठी नाही" एवढं लिहून टाका.

भाषेचं म्हणाल तर "नायी मरी", म्हणजे कन्नडमधे कुत्र्याचं पिल्लू, हा शब्द पण नावाच्या खाली कुठंतरी घाला, कन्नड गिऱ्हाईक तेच टाकून शोधतंय.

पट्ट्यांचं एवढंच, एस-एम-एल लिहून काही उपयोग नाही, सेंटिमीटर लिहा. पट्ट्याला मानेचा घेर, हार्नेसला पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर. आपल्याकडं मुधोळ बरेच जण पाळतात, तो उंचीला मोठा दिसतो म्हणून लोक एल घेतात, पण अंगानं सडपातळ, खरं वजन बऱ्याचदा 25 किलोच्या अलीकडं-पलीकडं. शिवाय त्याचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, साधा पट्टा दोन बोटं जागा ठेवून बांधला तरी मागं ओढलं की डोक्यावरनं सुटून येतो. एकदा गोकाकच्या एका पोराचा मुधोळ असाच पट्टा टाकून रस्त्यावर पळाला, संध्याकाळी सापडला. आता त्या जातीसाठी ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा वेगळा टाकलाय आणि ऑर्डर घेताना मानेचं आणि डोक्याचं, दोन्ही मापं मागून घेतो.