‘अभिनयसाधना’ एकटं वाचू नका, ‘भूमिकाशिल्प’ सोबत ठेवा

प्रश्न: गावातल्या हौशी नाट्यसंस्थेत नुकताच दाखल झालोय. पुढच्या महिन्यात तालमी सुरू होतील. अभिनयावरची कोणती पुस्तकं वाचू?

उत्तर: दोनच, आणि दोन्ही एकाच वेळी. रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीची ‘अभिनयसाधना’ आणि ‘भूमिकाशिल्प’. दोन्हींचं मराठी के. नारायण काळ्यांनी केलंय. जुन्या ग्रंथालयांत शोधा, दुकानात मिळतीलच असं नाही.

एकाच वेळी का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हौशी रंगभूमीवरचं बरंच नुकसान पहिलं वाचून दुसरं न वाचण्यातून झालंय असं माझं ठाम मत आहे. स्तानिस्लावस्कीच्या मनात हे एकच शिक्षण होतं: आधी नटाची आतली तयारी, मग आवाज, उच्चार, शरीर, लय. पण इंग्रजीत पहिला भाग 1936 साली आला आणि दुसरा 1949 साली. मधल्या तेरा वर्षांत जगभर समज पसरला की या माणसाचं म्हणणं एवढंच, ‘आतून वाटलं पाहिजे’. तो समज आपल्याकडे अजून जिवंत आहे. ‘फील कर, फील कर’ म्हणणारे दिग्दर्शक त्याच अर्ध्या वाचनातून तयार होतात, आणि त्यांच्या नटांची वाक्यं सहाव्या रांगेच्या पलीकडे जात नाहीत.

गंमत म्हणजे पहिल्या पुस्तकातही ‘फील कर’ असं सांगितलेलंच नाही. कृतीवरचं प्रकरण नीट वाचा. मारिया नावाच्या विद्यार्थिनीला गुरू सांगतो, पडद्याच्या चुण्यांत एक मौल्यवान पिन खोचलेली आहे, ती शोध. नाही सापडली तर शाळा सुटली. मारिया धावत येते, पडदा धरून गदागदा हलवते, डोकं धरते, तडफडते. खाली आल्यावर स्वतःवर खूश असते. गुरू विचारतो, पिन कुठाय? शोधायचं ती विसरूनच गेलेली असते. मग तो बजावतो की पिन खरोखर आणावी लागेल. आता ती एकेक चुणी उलगडून बघू लागते, आणि बघणाऱ्यांना तिची घालमेल पहिल्यांदा खरी वाटते. भावना मागून आली, आधी काम आलं.

हे तुमच्या संहितेवर कसं लावायचं? एक साधा प्रवेश धरू. धाकटा भाऊ संध्याकाळी मोठ्याकडे येतो. घर विकायच्या कागदांवर त्याला मोठ्याची सही हवी आहे.

धाकटा: वहिनी नाहीत?
मोठा: देवळात गेल्यात.
धाकटा: बरं झालं.
मोठा: बस, चहा टाकतो.
धाकटा: चहा राहू दे.

नवा नट समासात लिहितो: ‘अस्वस्थ’. हे खोडा. ‘अस्वस्थ’ करता येत नाही, फक्त दाखवता येतं, आणि दाखवायला गेलं की हात चोळणं आणि घाम पुसणं सुरू होतं. पुस्तक सांगतं की उद्दिष्ट क्रियापदात लिहा. इथं ते असं: ‘वहिनी परत यायच्या आत सही घ्यायची आहे.’ आता पहिलं वाक्य चौकशी राहत नाही, तो किती वेळ आहे ते जोखतोय. ‘बरं झालं’ आपोआप हलकं पडतं. आणि चहा म्हणजे आता पाहुणचार नाही, वेळ खाणारी अडचण आहे.

उद्दिष्ट बरोबर आहे की नाही, याची परीक्षा सोपी. समोरचा नट ते देऊ किंवा नाकारू शकतो का? सही देता येते, नाकारता येते. ‘दुःख व्यक्त करायचं आहे’ हे समोरचा ना देऊ शकतो ना अडवू शकतो, म्हणून असं उद्दिष्ट घेतलेला नट एकटाच खेळत राहतो. प्रवेशाचे तुकडेही पाडा, पण जिथं हवं ते बदलतं तिथंच. सर्वसाधारणपणे दीड-दोन पानांत दोन-तीन पुरे. प्रत्येक ओळीला नवं उद्दिष्ट दिलंत तर तालमीत त्यातलं एकही आठवणार नाही.

आता ‘भूमिकाशिल्प’. त्यातली उच्चार, विराम आणि शब्दावरच्या जोराची प्रकरणं पाठांतराला बसायच्या आधी वाचा, नंतर नाही. चुकीच्या चालीत पाठ झालेलं वाक्य मोडायला नव्यानं पाठ करण्याहून जास्त वेळ लागतो. मोठ्या भावाचं एक वाक्य घ्या: ‘मी त्याला घराचे कागद दिले नाहीत.’ जोर ‘मी’वर दिलात तर दुसऱ्या कुणी दिले असतील. ‘त्याला’वर दिलात तर भलत्याला दिले. ‘घराचे’वर दिलात तर दुसरे कुठले तरी दिले. पेन्सिलीनं एका वाक्यात एकच शब्द अधोरेखित करा. तीन शब्दांवर जोर दिलात तर कुठल्याच शब्दावर राहत नाही.

मराठीत यात आणखी एक धोका आहे, तो रशियन पुस्तकात सापडणार नाही. आपला नकार आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नवख्याचा श्वास नेमका तिथंच संपतो. ‘नाहीत’ गिळलंत की मागच्या रांगेला ऐकू येतं, ‘कागद दिले’. अर्थ उलटा, आणि पुढचं अर्धं नाटक प्रेक्षक चुकीच्या समजुतीवर बघतो. तपासायला एका सहकलाकाराला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द त्याला लिहायला सांगा. जिथं जागा कोरी राहील तिथं आवाज चढवू नका. श्वास आधी घ्या, अर्थाचा तुकडा संपतो तिथं उभी रेघ मारून.

तिसरं पुस्तक वाचायचंच असेल आणि इंग्रजी चालत असेल तर कीथ जॉन्स्टनचं ‘इम्प्रो’ (1979). त्यातलं ‘स्टेटस’चं प्रकरण, कोण वरचढ आणि कोण पडतं घेणारा, एवढंच पुरे. बोलताना डोकं स्थिर ठेवणारा माणूस वरचढ वाटतो हे त्याचं निरीक्षण या दोन भावांवर लगेच करून बघा: आधी मोठ्यानं डोकं स्थिर ठेवायचं, मग धाकट्यानं. एक शब्द न बदलता घर कुणाचं ते बदलतं.

नटांची आत्मचरित्रं आवडीनं वाचा, ‘लमाण’ आणि ‘झिम्मा’ तर वाचाच, पण येत्या तालमीसाठी त्यांचा उपयोग होईल असं समजू नका. भरताचं ‘नाट्यशास्त्र’ नंतर.

एक राहिलं. ‘अभिनयसाधना’तलं भावनिक स्मृतीचं प्रकरण सध्या वगळा. घरातलं खरं दुःख आठवून रडू आणलंत तर गळा आवळतो, शब्द फुटत नाहीत, आणि तिसऱ्या प्रयोगाला तीच आठवण काम करेनाशी होते. खुद्द स्तानिस्लावस्की शेवटच्या वर्षांत शारीरिक कृतीपासून सुरुवात करण्याकडे वळला होता. आणि इंग्रजीतून वाचणार असाल तर 1936ची आवृत्ती काटछाट केलेली आहे. जाँ बेनेदेत्तीचा 2008चा अनुवाद घ्या, त्यात दोन्ही भाग एकाच जिल्दीत आहेत. जाड आहे, पण तुम्हाला लागणारी प्रकरणं त्यातली पाच-सहाच.

दिग्दर्शकानं तुमच्या उद्दिष्टापेक्षा वेगळं सांगितलं तर त्याचं घ्या आणि समासातलं वाक्य बदला. पुस्तक तालमीला नेऊ नका, पेन्सिल न्या.