‘आई, तुम्ही कशी आहात?’ की ‘कशा आहात?’

प्रश्न : माझा नवरा हिंदी भाषक आहे. माझ्या आईशी मराठीत बोलता यावं म्हणून मनापासून शिकतोय. त्याने आईला पाठवायला हा निरोप लिहिलाय : ‘आई, तुम्ही कशी आहात? काल तुम्ही फोन केला, मला खूप चांगला वाटला. मी तुम्हाला खूप याद करतो. तुम्ही आराम करा. बाबाला नमस्कार बोला.’ मी ‘कशी’चं ‘कशा’ कर म्हटलं, तर तो विचारतो, ‘“तुम्ही दोघं कशी आहात” चालतं, मग हे का नाही?’ मला कारण सांगता येईना. बाकीचंही तपासाल का? पण निरोप त्याचाच वाटला पाहिजे, पुस्तकी नको.

उत्तर : तुमच्या नवऱ्याचा प्रश्न फार नेमका आहे. ‘कशी’ हे रूप त्याच्या कानावर तीन बाजूंनी येतं आणि तिन्हीकडे ते बरोबरच असतं. मग त्याने ते इथे वापरलं यात नवल नाही.

पहिली बाजू त्याची स्वतःची भाषा. हिंदीत ‘लड़की कैसी है’ आणि ‘लड़कियाँ कैसी हैं’, दोन्हीकडे ‘कैसी’च. स्त्रीलिंगी विशेषण अनेकवचनात बदलत नाही, बदलतं ते क्रियापद. म्हणून आईला आदराने विचारतानाही ‘आप कैसी हैं’ असंच म्हणतात. तो हेच मराठीत आणतो : ‘आप’चं ‘तुम्ही’, ‘हैं’चं ‘आहात’ आणि ‘कैसी’चं ‘कशी’. मराठीत मात्र विशेषणही अनेकवचनात जातं. मुलगी कशी, मुली कशा. आणि मराठीतला आदर हा व्याकरणाच्या दृष्टीने अनेकवचनच असल्यामुळे एकट्या आईबद्दलही ‘मुलीं’सारखं रूप घ्यावं लागतं : आई कशा आहेत, आई, तुम्ही कशा आहात. ‘तुम्ही कशी आहात’मध्ये ‘तुम्ही’ आणि ‘आहात’ आदराचं अनेकवचन आणि मधला ‘कशी’ मात्र एकवचनी राहतो. वाक्य कळतं, त्यात अनादरही नाही. पण तीन शब्दांतला एक दुसऱ्याच माणसाशी बोलत असल्यासारखा वाटतो, तेच तुमच्या कानाला खटकलं.

दुसरी बाजू तुम्ही स्वतः! तुम्ही आईला ‘अगं, कशी आहेस?’ विचारत असणार. घरात त्याच्या कानावर सर्वांत जास्त पडणारं मराठी तुमचं, आणि त्यात आईला जोडून येतो तो ‘कशी’च. एकाच आईबद्दल तुम्ही ‘आई आली’ म्हणाल, तो ‘आई आल्या’ म्हणेल, आणि एकाच घरात दोन्ही वाक्यं बरोबर असतील. ही गोष्ट त्याला कुणी स्पष्ट सांगितली नसेल तर ती आपोआप उमगणं कठीण आहे. भाषा शिकणारा माणूस जोडीदाराची नक्कल करतो, पण आईच्या बाबतीत जोडीदाराचीच नक्कल करून चालत नाही.

तिसरी बाजू म्हणजे त्याने दिलेलं उदाहरण, ‘तुम्ही दोघं कशी आहात?’ इथला ‘कशी’ दिसायला तोच, पण स्त्रीलिंगी एकवचनी नव्हे. तो नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे. मूल कसं, मुलं कशी. मराठीत दोन पुरुष असतील तर ‘दोघे’, दोन स्त्रिया असतील तर ‘दोघी’, आणि एक स्त्री, एक पुरुष असेल तर नपुंसकलिंगी ‘दोघं’. म्हणून ‘ती दोघं आली’, ‘तुम्ही दोघं कशी आहात’. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे हा दुसरा ‘कशी’ वेगळा आहे हे हिंदी कानाला ऐकूच येत नाही. त्याला ही एकच जोडी पाठ करायला सांगा : मुलगी कशी, मुली कशा, मूल कसं, मुलं कशी. आईला लिहिताना मनात ‘मुली’ म्हणायचं आणि रूप उचलायचं. ‘तुम्ही दमल्या असाल’, ‘तुम्ही बऱ्या आहात ना?’, बाबांना विचारताना ‘आई आल्या का?’ ही सगळी रूपं त्याच दारातून येतात.

एक सोपी वाटही आहे. ‘तुमची तब्येत कशी आहे?’ इथे ‘कशी’ निर्धास्त लिहावा, कारण तो आईशी नाही, तब्येतीशी जुळतो. पण तो या वाटेवरच थांबला तर मला वाईट वाटेल. ‘कशा आहात?’ या दोन शब्दांत जी जवळीक आहे ती तब्येतीच्या चौकशीत नाही.

आता निरोपातली पुढची वाक्यं. ‘मला खूप चांगला वाटला’ याचं मूळही त्याच हरवलेल्या नपुंसकलिंगात आहे. हिंदीत ‘अच्छा लगा’ म्हणताना कर्ता नसेल तर रूप पुल्लिंगी होतं. मराठीत अशा वेळी नपुंसकलिंग येतं : चांगलं वाटलं, छान वाटलं. ‘चांगला वाटला’ म्हटलं की वाचणारा ‘काय चांगला वाटला?’ म्हणून शोधू लागतो आणि त्याला मागच्या वाक्यातला फोन सापडतो. म्हणजे आईंचा फोन त्याला चांगला वाटला, जणू नवा घेतलाय! मी तर इथे ‘चांगलं’च्या जागी ‘बरं’ सुचवेन. ‘बरं वाटलं’मध्ये आनंदाबरोबर थोडा दिलासाही असतो. दुखणं हटल्यावर आपण हेच म्हणतो आणि आपल्या माणसाशी बोलून झाल्यावरही हेच म्हणतो. जावयाच्या तोंडून हे ऐकणाऱ्या आईला त्यातला फरक कळेल.

‘फोन केला’ बरोबर आहे. ‘फोन केलात’ केलं तर तो शेवटचा ‘त’ थेट समोरच्या माणसाकडे बघतो. ‘तुम्ही’ गाळलं तरी तो त्यातून ऐकू येतो. मला ते अधिक जवळचं वाटतं, पण हा आवडीचा भाग.

‘मी तुम्हाला खूप याद करतो’ हे मात्र बदलायला हवं आणि बदलताना सांभाळायला हवं. ‘याद’ हा शब्द मराठीत आहे, पण रोजच्या बोलण्यात तो जास्त ऐकू येतो ‘याद राख!’मध्ये, म्हणजे दम देताना. आईला लिहायच्या वाक्यात तो नको. आता शिकणारा माणूस शब्दकोशात ‘आठवणे’ बघतो आणि नुसता शब्द बदलून लिहितो : ‘मी तुम्हाला आठवतो’. आणि अर्थ पार उलटतो! मराठीत ज्याला आठवतं त्याला ‘ला’ लागतो. ‘मी तुम्हाला आठवतो’ म्हणजे तुम्हाला माझी आठवण येते. त्याला सांगायचं आहे ते अगदी याच्या उलट. व्याकरणात काहीच चुकलेलं नसल्यामुळे ही चूक वाचणाऱ्यालाही पटकन दिसत नाही. आईंना वाटेल, विचारतोय की काय, ‘मी आठवतो ना तुम्हाला?’

बरोबर वाक्य त्याच्या भाषेतच दडलंय. हिंदीत ‘आपकी याद आती है’ असंही म्हणतातच. तो साचा जसाच्या तसा चालतो : ‘तुमची आठवण येते.’ आणि पुढे कधी ‘काल आम्ही दोघं तुमची आठवण काढत होतो’ हेही लिहू दे. आठवण येते ती मनात, आठवण काढतात ती बोलण्यात. आपण नसताना आपला विषय प्रेमाने निघाला हे कळणं आईला फार सुखाचं असतं, आणि त्यासाठी मराठीत एवढं नेमकं क्रियापद आहे.

‘तुम्ही आराम करा’ला हात लावू नका. ते निर्दोष आहे आणि त्याचं आहे. तुम्हाला कदाचित ‘जास्त दगदग करू नका’ सुचेल, पण ते तुमचं वाक्य होईल.

राहिलं ‘बाबाला नमस्कार बोला’. नमस्कार ‘सांगतात’. मराठीत ‘बोलणं’ म्हणजे संवाद, आणि ‘तो मला बोलला’ म्हणजे तर रागावला. निरोप, नमस्कार, खुशाली हे सगळं सांगायचं. ‘बाबाला’ची गोष्ट जरा बारीक आहे. हिंदीत आदर ‘जी’मध्ये असतो, ‘पिताजी को’ म्हणताना पुढचा ‘को’ बदलत नाही. मराठीत तो आदर प्रत्ययात शिरतो : बाबांना, आईंना, आईंनी, आईंचा. एक अनुस्वार आणि ‘ला’चा ‘ना’, बस्स. बऱ्याच घरांत लेकीच्या तोंडी ‘आईला’ आणि ‘बाबांना’ अशी मिश्र जोडी असते, कारण आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’. त्याने बहुधा तुमच्या ‘आईला’वरून ‘बाबाला’ बेतलं असेल. त्याच्यासाठी दोघंही अनुस्वारवालीच. टाइप करताना तो टिंब सुटून ‘बाबाना’ होतं, तेवढं बघायला सांगा.

एवढं झाल्यावर निरोप असा होतो :

‘आई, कशा आहात? काल तुम्ही फोन केलात, मला खूप बरं वाटलं. तुमची खूप आठवण येते. तुम्ही आराम करा. बाबांना नमस्कार सांगा.’

वाक्यं तितकीच, क्रम तोच, सांगायचं तेच. सुरुवातीचा ‘तुम्ही’ मी गाळला, कारण ‘आहात’मध्ये तो आहेच. त्याला ठेवावासा वाटला तर राहू दे.

आणि एक दिवस आईच म्हणतील, ‘अरे, मला अहो-जाहो काय करतोस, तू म्हण.’ काही घरांत हे लवकर होतं, काहींत कधीच नाही, आणि ते म्हणायचा अधिकार त्यांचाच. तसं झालं तर मात्र अर्धंमुर्धं बदलून चालणार नाही, सगळं वाक्य एकदम उतरवावं लागेल : ‘आई, कशी आहेस? काल फोन केलास, बरं वाटलं. तुझी खूप आठवण येते. आराम कर.’ तुम्हाला सांगतानाही मग ‘आईंना’ऐवजी ‘आईला’. तेव्हा त्याचा तो ‘कशी’ जागच्या जागी बसेल.