लावणीतला ‘इश्क’ म्हणताना

झाडीपट्टीच्या नाटकात तू सिनेमातल्या लावण्या म्हणणार आहेस, तर पोरी, ‘इश्क’ या शब्दापाशी थोडी थांब. उर्दू गझलेत इश्क सूफींच्या ईश्वरप्रेमापर्यंत जातो. मराठी लावणीत तो देहाजवळ राहतो. त्यात ओढ आहे, धिटाई आहे, चारचौघं पाहतील ही धास्तीही आहे. ‘इश्काचा’ऐवजी ‘प्रीतीचा’ म्हणून बघ. ओळ लगेच सोज्वळ होते, आणि ढोलकीला उत्तर द्यायला काही उरत नाही.

उच्चारही मराठीच ठेव. ‘इश्काचा’ अशी विभक्ती लागली की शब्द आपला झाला. तिथं घशातून ‘क़’ काढलास तर तो एकटाच उपरा वाटतो. गझल म्हणशील तेव्हा तो जरूर काढ.

‘जुलमी’ला जास्त जपावं लागतं. सावकाराला जुलमी म्हणतो तेव्हा त्यात संताप असतो. लावणीत सजणाला जुलमी म्हटलं की तक्रारीआड कबुली असते. म्हणून ‘जु’वर घाव घालू नकोस, ‘मी’ जरा लांबव आणि आवाज खाली आण. समोरच्या बाया गालात हसल्या तर अर्थ पोचला. त्या गंभीर झाल्या, तर त्यांना भांडण ऐकू आलं.