रिबाउंड ओळखायचं ते रात्री साडेदहाला

प्रश्न: साडेसहा वर्षांचं नातं संपून आठ महिने झालेत. आता ऑफिसमधली एक जण आवडायला लागलीय. मी खरंच तयार आहे की हे नुसतं रिबाउंड, म्हणजे जुन्या नात्याची पोकळी भरायची धडपड आहे, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

आठ महिने हा आकडा आधी बाजूला ठेवा, त्यावरून काहीच ठरत नाही. मी नातेसंबंधांचं समुपदेशन करते आणि 'नातं जितकं टिकलं त्याच्या निम्मा काळ थांबायचं' असली सूत्रं घेऊन लोक माझ्याकडे येतात. ती कुणी काढली कोण जाणे, पण त्यांना आधार नाही. उलट क्लॉडिया ब्रंबॉ आणि ख्रिस फ्रेली यांचा २०१४ साली आलेला एक अभ्यास आहे. त्यात ब्रेकअपनंतर नव्या नात्यात असलेल्यांचं मन एकट्या राहिलेल्यांपेक्षा बरं सावरलेलं दिसलं, आणि लवकर नातं जोडणं हे काही त्यांच्या मुळावर आलेलं दिसलं नाही. आता मुळात खंबीर असलेली माणसंच लवकर नात्यात पडत असतील, असंही असू शकतं. त्यामुळे याचा अर्थ 'पडा लगेच' असा नाही. पण लवकर म्हणजे रिबाउंडच, हे गणित चुकीचं आहे एवढं नक्की.

दुसरं टोकही तितकंच फसवं. 'तिची आठवण पूर्ण थांबली की मग बघू' असं ठरवणारे बसून राहतात. जिया चाँग आणि फ्रेली यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या जोडीदाराबद्दलची भावनिक ओढ निम्म्यावर यायलाच सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागल्याचं दिसलं. फक्त निम्म्यावर! तेव्हा आठवण येते का, हा प्रश्नच मी विचारत नाही. येणारच. मी विचारते ते हे: या नव्या माणसाला तुम्ही कुठल्या कामाला लावलंय?

जुनं नातं बरीच कामं करत असतं. दिवसभराची कटकट कुणाच्या तरी कानावर जाते, झोपायच्या आधी एक आवाज ऐकू येतो, आपण कुणाला तरी हवे आहोत याची रोज पावती मिळते. नातं संपतं तेव्हा माणूस जातं, पण ही कामं तशीच पडून राहतात. ती करायला जो कोणी पहिला सापडेल तो आपल्याला फार आवडायला लागतो. हे आवडणं खोटं नसतं, म्हणून तर आतून ओळखता येत नाही. बाहेरून मोजावं लागतं.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिशी ओलांडलेली एक बाई, नऊ वर्षांचं नातं, तोडलं त्याने. पाच महिन्यांनी तिला एका डेटिंग ॲपवर एक जण भेटला आणि महिन्याभरात ती मला म्हणाली, "इतकं सहज मला नऊ वर्षांत कधी वाटलं नव्हतं." मी त्याच्याबद्दल विचारलं. त्याला सध्या कामाचा कसला ताण आहे? माहीत नाही. त्याचं शेवटचं नातं का संपलं? "विचारलं नाही अजून." पण तो मेसेजला लगेच उत्तर देतो, चिडत नाही, वाढदिवस लक्षात ठेवतो, हे तिने न थांबता सांगितलं. त्यातली एकेक गोष्ट म्हणजे जुन्याच्या एकेका दोषाचं उलटं रूप होतं. नव्या माणसाचं वर्णन ती जुन्यावर बोट ठेवून करत होती, आणि हे तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

मग तिला दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायला सांगितली. नव्याला मेसेज करावासा वाटला की तीन गोष्टी लिहायच्या: वाजले किती, त्याच्या जरा आधी काय घडलं, आणि मनात पहिलं कोण आलं. तिसऱ्या रकान्यात खोटं लिहायचं नाही, एवढी एकच अट.

दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा दुपारच्या नोंदी अगदी मोजक्या होत्या. बहुतेक सगळ्या रात्री साडेदहा ते बाराच्या मधल्या. नऊ वर्षं ती त्याच वेळी जुन्याशी फोनवर बोलत असे. बऱ्याच नोंदींच्या आधी तिने जुन्याचं स्टेटस पाहिलेलं होतं. आणि ज्या दिवशी तिच्या कामाचं कौतुक झालं, त्या दिवशी मनात पहिला आला जुना, मेसेज गेला नव्याला. ती नोंद तिने स्वतःच मोठ्याने वाचली आणि पुढचं बराच वेळ काही बोलली नाही.

इथे लोक मला विचारतात, मग सोडायचं का त्याला? नाही. तो काय गुन्हेगार आहे? जुनी कामं त्याच्या अंगावरून काढून घ्यायची आणि मग काय उरतं ते बघायचं. तिने तीन गोष्टी केल्या. जुन्याला सगळीकडे म्यूट केलं. टारा मार्शल यांच्या २०१२ च्या अभ्यासात एक्सच्या फेसबुकवर डोकावत राहणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ जास्त आढळली होती. त्रासामुळे डोकावणं की डोकावण्यामुळे त्रास हे त्यातून ठरत नाही, पण बंद करून कुणाचं बिघडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. दुसरं, रात्री दहानंतर नव्याशी बोलणं महिनाभर बंद. तो वेळ तिने मुद्दाम रिकामा ठेवला, मैत्रिणीला फोन करूनही भरला नाही. तिसरं, भेटायचं आठवड्यातून एकदा आणि दिवसाउजेडी.

हे करण्यापूर्वी नव्याला सांगणं भाग होतं, आणि सगळ्यात जास्त ती तिथेच अडखळली. शेवटी ती जे बोलली ते साधारण असं: "माझं मोठं नातं अलीकडेच संपलंय. तू मला आवडतोस, पण त्यातलं किती तुझं आणि किती त्या रिकामपणाचं, हे मला नीट कळत नाहीये. म्हणून महिनाभर हळू जाऊया. तुला हे जमणार नसेल तर मी समजू शकते." समोरच्याला एवढं कळण्याचा हक्क आहे. आपण त्याला आधारासाठी वापरतोय याची शंका असताना गप्प राहणं मला तरी पटत नाही, मग आपलं दुःख कितीही मोठं असो.

तो चांगला माणूस निघाला, थांबला. पहिल्या आठवड्यात तिच्या रात्री फार वाईट गेल्या. ती रडली ती नव्यासाठी नव्हे, जुन्यासाठी, आणि ब्रेकअपनंतर पहिल्यांदाच इतकी रडली. नवं माणूस आल्यामुळे पुढे ढकललेलं दुःख असं मागून येऊन गाठतं. महिन्याच्या शेवटी दोघांच्या लक्षात आलं की रात्रीच्या गप्पा काढल्या तर त्यांच्यात बोलण्यासारखं फारसं नाही. सौजन्याने थांबले. दुसऱ्या एका जोडप्याच्या बाबतीत असंच हळू जाऊन नातं चांगलं घट्ट झालेलं मी पाहिलंय. सुरुवात रिबाउंडची असली म्हणजे शेवट ठरलेला असतो असं नाही.

आता तुमच्याबद्दल. ही नोंदवही तुम्हीही दोन आठवडे ठेवा, त्याहून जास्त नको, नाहीतर स्वतःवर पाळत ठेवायचा नाद लागतो. त्याबरोबर दोन प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला: ब्रेकअप का झाला, हे तुम्ही चार-पाच वाक्यांत सांगू शकता का, आणि त्यात तुमचा वाटा किती होता हे येतं का? कहाणी आईला एक, मित्राला दुसरी आणि या मुलीला तिसरी अशी बदलत असेल, किंवा तिच्यात एकच खलनायक असेल, तर ती अजून मुरलेली नाही. 'माझंच सगळं चुकलं' ही कहाणीही तितकीच कच्ची समजा. हे मी काटेकोरपणे पाहते, कारण आपला वाटा ज्याला सांगता येत नाही तो नव्या नात्यात पहिल्या भांडणापासून जुन्याच नात्यातलं भांडण भांडायला लागतो. मेसेजला उत्तर यायला उशीर झाला की 'ही पण तशीच' असं वाटणं हे त्याचं सगळ्यात लवकर दिसणारं लक्षण.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. तिने उद्या सरळ 'नाही' म्हटलं तर? आवडणाऱ्या माणसाने नकार दिला की कुणालाही वाईट वाटतं. काही दिवस तोंड कडू होतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतं. पण नुसत्या कल्पनेनेच 'सगळं पुन्हा संपलं' असं वाटून पोटात खड्डा पडत असेल, तर इतकं दुःख एखाद्या जेमतेम ओळखीच्या माणसाचं असू शकत नाही. ते साडेसहा वर्षांचं आहे, तिच्या नावावर चढवलेलं. अशा वेळी विचारायची घाई करू नका.

तुमच्या बाबतीत ऑफिस हा वेगळा पेच आहे. ॲपवरच्या माणसापासून महिनाभर लांब राहता येतं, शेजारच्या टेबलावरच्या माणसापासून नाही. फिसकटलं तरी तुम्हाला तिचं तोंड रोज दिसणार, आणि तिला तुमचं. ती तुमच्या हाताखाली काम करत असेल किंवा तुम्ही तिच्या, तर विषय तिथेच थांबवा, तयारीचा प्रश्न नंतरचा. तसं नसेल तर नोंदवहीचे दोन आठवडे होईपर्यंत ऑफिसबाहेर एकट्याने भेटायचं ठरवू नका आणि रात्रीचे खासगी मेसेज सुरू करू नका. कामाच्या वेळातलं बोलणं आहे तसं चालू द्या. तेवढ्यातही बरंच कळतं: तिच्या कामातल्या अडचणी तुमच्या लक्षात राहतात का, तिने तुमच्याशी असहमती दाखवली तर ती आवडणं टिकतं का, ती रजेवर असेल त्या दिवशी तुम्हाला तिची उणीव भासते की नुसतं लक्ष देणारं कुणी नसल्याची.

एक अपवाद. झोप आणि जेवण अनेक आठवडे बिघडलेलं असेल, काम होत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो डेटिंगचा प्रश्न नाही.

बाकी सगळं ठीक असेल आणि वहीत तिच्या नावाच्या नोंदी दिवसाच्या कुठल्याही वेळी, कसलंही निमित्त नसताना आलेल्या दिसल्या, तर तिला कॉफीला विचारा. मोठं नातं अलीकडे संपलंय हे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगून टाका, दोन वाक्यांत. तिने विचारलं तर अजून थोडं सांगा, पण अख्खी भेट एक्सवर जाणार नाही एवढं बघा.